युनिटचे मेगाज्यूल: मुलाच्या विज्ञान प्रकल्पात अडकलेय, मदत हवी

निशिगंध
चिरंजीव नववीत आहेत. विज्ञान प्रकल्पाचा विषय स्वतःच निवडला, 'आमच्या घराची ऊर्जा'. महिन्याची वीज, गॅस आणि स्कूटरचं पेट्रोल, तिन्ही एकाच मापात मांडून कशाला किती लागतं ते दाखवायचं. बाईंनी सांगितलंय की सगळं मेगाज्यूलमध्ये हवं.

बिलावर मागील रीडिंग ८२२५, चालू रीडिंग ८४१२, म्हणजे १८७ युनिट. इथपर्यंत ठीक. पुढे आमच्याकडे दोन उत्तरं आलीत. चिरंजीवांनी ३.६ ने गुणलं, उत्तर ६७३.२. त्याच्या मित्राने ३.६ ने भागलं, उत्तर ५१.९. दोघेही हट्टाला पेटलेत आणि मी कॉमर्सची. कोण बरोबर? आणि का, तेही सांगा, कारण बाई 'का' विचारतात.

दुसरं म्हणजे गॅसचं मेगाज्यूल कुठून काढायचं? सिलिंडरवर तर फक्त किलो असतात.

सोलापुरी_चादर
गुणायचं. ६७३.२. पुढचा धागा.

कोकणमेवा
१८७ युनिट म्हणजे फारच कमी हो ताई! आमच्याकडे दोनच माणसं आणि बिल दुप्पट येतंय नवीन मीटर बसवल्यापासून. तक्रार केली तर म्हणाले मीटर बरोबर आहे. यावर काही उपाय माहीत आहे का कोणाला?

सोलापुरी_चादर
कोकणमेवा, धागा मेगाज्यूलचा आहे. तुमचं बिल मेगाज्यूलमध्ये केलंत तर अजून साडेतीनपट मोठं दिसेल, सांभाळून.

फेज_न्यूट्रल
निशिगंधताई, 'का' मी सांगतो. चाळीस वर्षं मीटर आणि सबस्टेशन यातच गेली.

हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट होतं. वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. तेव्हा इस्त्रीने दर सेकंदाला हजार ज्यूल घेतले, आणि तासात सेकंद ३६००. हजार गुणिले ३६०० म्हणजे ३६ लाख ज्यूल. मेगा म्हणजे दहा लाख. झाले ३.६ मेगाज्यूल. यात कुठेही 'साधारण' नाही, हा आकडा तंतोतंत आहे, कारण तासात सेकंद किती ते आपणच ठरवलेलं आहे.

मित्राचं कुठे चुकलं हे ओळखायला गणित लागत नाही. मेगाज्यूल हे युनिटपेक्षा लहान माप आहे. रुपयांचे पैसे केले की आकडा वाढतो की कमी होतो? लहान मापात गेलं की आकडा वाढलाच पाहिजे. १८७ चे ५१.९ झाले तेव्हाच थांबायला हवं होतं.

आमच्या साहेबांच्या पिढीतले लोक याला बीओटी युनिट म्हणायचे, बोर्ड ऑफ ट्रेड युनिट. इंग्रज गेले, बोर्ड गेलं, 'युनिट' तेवढं बिलावर राहिलं.

निशिगंध
काका, रुपये-पैसे म्हटल्यावर एका क्षणात कळलं. मित्राला फोन गेलेला आहे. आवाजावरून जिंकलेला दिसतोय.

कट्ट्यावरचा
बरोबर आहे काकांचं. युनिट म्हणजे किलोवॅट प्रति तास. प्रकल्पात अजून भर घालायची असेल तर एकेका उपकरणाचं काढा, सोपं आहे. मागच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात. उदाहरणार्थ आमचा फ्रिज १२० वॅट. चोवीस तास चालू. म्हणजे दिवसाला २.८८ युनिट, गुणिले ३.६, झाले १०.४ मेगाज्यूल. असंच टीव्ही, पंखा, गिझर सगळ्याचं काढून बेरीज केली की बिलाशी जुळतं.

गणितवेडी
कट्ट्यावरचा, प्रेमाने सांगते, 'प्रति तास' नाही हो. किलोवॅट *गुणिले* तास. दरवर्षी तीसेक वह्यांमध्ये ही चूक लाल करते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीच वाचते. प्रति तास म्हटलं की भागाकार झाला, आणि मग मुलं खरंच भागतात. निशिगंध यांच्या मुलाच्या मित्राची चूक तिथूनच आली असेल, सांगता येत नाही.

अजून दोन चुका ज्या मला नेहमी दिसतात त्या लिहून ठेवते. पहिली, बिलावर 'मंजूर भार' म्हणून एक आकडा असतो, समजा ३ किलोवॅट. मुलं तो उचलतात आणि ३.६ ने गुणतात. तो किती वीज वापरली याचा आकडाच नाही, एका वेळी किती ओढायची परवानगी आहे त्याचा आहे. त्याला तासच नाहीत, मग गुणायचं कशाला?

दुसरी, तक्त्यावर मोठ्या स्केचपेनने mJ लिहितात. छोटा एम म्हणजे मिली. MJ आणि mJ यांत एक अब्जपटीचा फरक आहे. एका मुलाच्या तक्त्यानुसार त्याच्या घराची महिन्याची वीज एखादा डास भिंतीवर चढायला वापरेल इतकी होती.

कट्ट्यावरचा
प्रति तासचं मान्य, कान पकडले. पण हिशोब बरोबर आहे ना?

फेज_न्यूट्रल
नाही. फ्रिज प्लगला चोवीस तास असतो, पण कॉम्प्रेसर चोवीस तास चालत नाही. गार झालं की थांबतो, परत सुरू होतो. स्टिकरवरचे वॅट तो चालू असतानाचे. गिझरचंही तेच, थर्मोस्टॅट तोडतो. तुमच्या हिशोबाने एकटा फ्रिज महिन्याला ८६ युनिट खाईल. निशिगंधताईंच्या १८७ पैकी जवळजवळ निम्मे. खरं वाटतं का?

फ्रिजच्या दारावरचं तारे असलेलं लेबल बघा. त्यावर वर्षाला किती युनिट तेच थेट दिलेलं असतं.

कट्ट्यावरचा
बघून आलो. लेबल अर्धं फाटलंय, पोरांनी स्टिकर समजून सोललं. तारे दोन शिल्लक आहेत.

सोलापुरी_चादर
मूळचे पाच असतील, तीन पोरांनी वहीला लावले.

मेलबर्नकर
इकडे गंमत आहे बघा. आमचं विजेचं बिल युनिटमध्येच, किलोवॅट-तासात येतं, पण गॅसचं बिल थेट मेगाज्यूलमध्ये येतं! पहिल्या हिवाळ्यात बिलावर पाच आकडी काहीतरी बघून मी डॉलर समजलो आणि बायकोला हाक मारली. ते मेगाज्यूल होते. तेव्हापासून ३.६ पाठ आहे. गॅस हीटर की एसी, कशाने घर तापवणं स्वस्त, हे बघायचं तर आधी दोन्ही एकाच मापात आणावं लागतं.

माझी बहीण इंग्लंडला असते, तिच्याकडे बरोबर उलटं. मीटर घनमीटर दाखवतो, कंपनी त्याला गॅसच्या उष्मांकाने गुणते, म्हणजे मेगाज्यूल झाले, आणि मग ३.६ ने *भागून* बिल किलोवॅट-तासात देते. तेव्हा त्या मित्राला सांगा, तू इंग्लंडच्या गॅस कंपनीत बरोबर ठरला असतास.

निशिगंध
मित्र खूश झाला :) आता गॅसचं कोणीतरी सांगा. सिलिंडर १४.२ किलोचा, आम्हाला ४३ दिवस पुरला (तारीख कॅलेंडरवर लिहायची सवय सासूबाईंची).

फेज_न्यूट्रल
एलपीजीचा उष्मांक किलोला सुमारे ४६ मेगाज्यूल धरा. पुस्तकागणिक ४५ ते ५० च्या दरम्यान आकडे सापडतील. जळताना तयार होणारी वाफ परत पाणी होऊन तिची उष्णता हाती आली असं धरलं तर आकडा मोठा येतो, वाफ निसटली असं धरलं तर छोटा. चुलीवर ती निसटतेच, म्हणून ४६ च्या आसपासचा घ्या आणि तसं प्रकल्पात एका ओळीत लिहा. १४.२ गुणिले ४६ म्हणजे ६५३, पण ६५३ लिहू नका, 'सुमारे ६५०' लिहा. मूळ आकडाच वरखाली होणारा असताना उत्तर इतकं काटेकोर दाखवणं बरं नव्हे. विजेचं मात्र ६७३.२ बिनधास्त लिहा.

पेट्रोलला लिटरमागे साधारण ३२ धरा.

गणितवेडी
आणि कृपा करून दिवस सारखे करून घ्या! सिलिंडर ४३ दिवसांचा, बिल किती दिवसांचं ते बिलावरच्या दोन रीडिंगच्या तारखांवरून बघा, पेट्रोल महिन्याचं. तिन्हीचे दररोजचे आकडे काढल्याशिवाय एका तक्त्यात ठेवू नका.

निशिगंध
बिल ३१ दिवसांचं निघालं. तर:
वीज ६७३.२ भागिले ३१, दिवसाला २१.७.
गॅस ६५० भागिले ४३, दिवसाला १५ च्या आसपास.
पेट्रोल महिन्याला ९ लिटर, म्हणजे २८८, दिवसाला ९.३.
एकूण दिवसाला ४६ मेगाज्यूल. बरोबर?

कोकणमेवा
आमचा गॅस ४३ दिवस जात नाही. पण भात भरपूर लागतो आमच्याकडे, आणि पाहुणे.

सोलापुरी_चादर
घरातल्या माणसांचं राहिलं ना. माणूस दिवसाला २००० कॅलरी खातो, म्हणजे त्या किलोकॅलरी, त्याचे ८.४ मेगाज्यूल होतात. तिघांचे २५. म्हणजे तुमच्या घरात विजेपेक्षा पोळीभाजी जास्त ऊर्जा आणते. चिरंजीवांना विचारा, एवढी खाऊन अभ्यास किती ज्यूलचा होतो.

निशिगंध
हे वाक्य तक्त्यावर जाणार आहे, पहिलं. दुसरं नाही.

अवधूत_चिंतन
थोडा विरोध नोंदवतो. विजेचे २१.७ आणि गॅसचे १५ यांची बेरीज करणं मला पटत नाही. माप एक झालं म्हणून वस्तू एक होत नाही. गॅसचे १५ म्हणजे सिलिंडरमधलं इंधन. विजेचे २१.७ म्हणजे इंधन कुठेतरी जाळून, त्यातलं बरंचसं वाया घालवून, तुमच्या मीटरपर्यंत पोचलेला उरलेला भाग. चंद्रपूर किंवा कोराडीला एक युनिट वीज करायला साधारण दहा मेगाज्यूलचा कोळसा जाळावा लागतो. आपल्या कोळशाच्या प्रतीप्रमाणे साताठशे ग्रॅम होतो तो. त्यातले ३.६ विजेत येतात, बाकीचे कूलिंग टॉवरवाटे हवेत. शिवाय तारांमध्ये थोडे जातात ते वेगळे.

म्हणजे इंधनाशी इंधनाची तुलना करायची तर १८७ युनिटना ३.६ ने नाही, १० ने गुणा. ६७३ नाही, १८७० मेगाज्यूल. दिवसाला ६०. मग तक्ता पूर्ण बदलतो.

फेज_न्यूट्रल
अवधूत, मुद्दा खरा आहे, पण प्रकल्प 'आमच्या घराची ऊर्जा' आहे. घराच्या उंबऱ्यावर जे आलं ते मोजायचं. सिलिंडर उंबऱ्यावर आला तेव्हा त्यात ६५० होते, वीज मीटरवर आली तेव्हा ६७३.२ होते. कोळशाचं मोजायचं तर मग एलपीजीचं पण मोजा, तो बोटीने येतो, बॉटलिंग प्लँटला भरतात, ट्रकने फिरतो. कुठे थांबणार?

आणि सगळी वीज कोळशाची नसते. कोयना १९६० मेगावॅटचं आहे, तिथे दहा मेगाज्यूल कसले जाळणार?

अवधूत_चिंतन
कोयना संध्याकाळच्या मागणीच्या वेळी चालते काका, हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलंय. राज्याची रोजची वीज बहुतांशी कोळशाचीच. आणि ट्रकच्या डिझेलची तुलना दोन-तृतीयांश ऊर्जा हवेत जाण्याशी करता?

फेज_न्यूट्रल
बरोबरी नाही करत. उंबरठा कुठे धरला ते आधी लिहा, एवढंच म्हणतोय.

सोलापुरी_चादर
दोघांनी चहा घ्या. आणि कितीचा झाला ते मेगाज्यूलमध्ये कळवा.

फेज_न्यूट्रल
चादर, थट्टेत चांगलं सुचवलंस. निशिगंधताई, प्रकल्पात नुसता बिलाचा गुणाकार दाखवला तर बाई 'छान' म्हणतील आणि पान उलटतील. मुलाला मोजू द्या. खर्च शून्य.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. शेजारी लिहिलेलं असतं 3200 imp/kWh किंवा दुसरा एखादा आकडा. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आता ३६ लाख ज्यूल भागिले ३२००, येतात ११२५. दर लुकलुकीला ११२५ ज्यूल. तुमच्या घरात ज्यूल मोजणारं यंत्र भिंतीवर टांगलेलं आहे आणि आपण त्याच्याकडे फक्त बिल आलं की बघतो.

दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद गेले ते मोजा. ११२५ ला त्याने भागा. त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते आलं. पाच सेकंद लागले तर २२५ वॅट. एका लुकलुकीवर विसंबू नका, दहा लुकलुकींचा वेळ घ्या. मीटरवर वेगळा आकडा असेल तर भागाकार त्या आकड्याने. आणि शेजाऱ्यांचा मीटर मोजत बसू नका, सोसायटीत सगळे एकाच फळीवर असतात, ग्राहक क्रमांक बिलाशी ताडून बघा. मीटरला हात मात्र लावायचा नाही, फक्त बघायचं.

गणितवेडी
काका!! वीस वर्षं शिकवतेय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. उद्या वर्गाला सांगते.

कट्ट्यावरचा
आमच्यावर 6400 लिहिलंय. म्हणजे ५६२.५ ज्यूल. मीटर पार्किंगमध्ये आहे, वॉचमनने विचारलं काय मोजताय. ज्यूल म्हटलं तर म्हणाला जुलैचं बिल भरलं का.

निशिगंध
(तीन दिवसांनी)
आलो परत. आमचा 3200 आहे. रविवारी रात्री घरातलं सगळं बंद केलं, फ्रिज सोडून. आई सोसायटीच्या जिन्यात मोबाईलच्या स्टॉपवॉचसह, चिरंजीव वहीसह, वडील वर फ्रिजला कान लावून.

कॉम्प्रेसर चालू असताना दहा लुकलुकींना ८७ सेकंद लागले. ११,२५० भागिले ८७, म्हणजे १२९ वॅट. मग कॉम्प्रेसर थांबला. आणि दिवा काही केल्या लुकलुकेना. आम्हाला वाटलं बिघडला. १२५ सेकंदांनी एकदा लुकलुकला, परत १२५ नी. म्हणजे ९ वॅट. पण सगळं तर बंद होतं! हे ९ वॅट कोण घेतंय?

फेज_न्यूट्रल
वा! आकडे सुंदर आलेत. ९ वॅट म्हणजे वायफायचा डबा, सेट टॉप बॉक्स, टीव्हीचा लाल डोळा. रिमोटने बंद केलेलं बंद नसतं, भिंतीवरचं बटण दाबलेलं बंद असतं. फ्रिजचे वॅट काढताना हे ९ वजा करा, म्हणजे एकट्या फ्रिजचे १२०.

निशिगंध
हो, वायफाय आणि सेट टॉप बॉक्स लक्षातच नव्हते आले. चिरंजीवांनी लगेच गुणलं: ९ वॅट, चोवीस तास, तीस दिवस म्हणजे साडेसहा युनिट, २३ मेगाज्यूल. कोणीही काहीही न वापरता.

मग त्याने तासभर बसून फ्रिज कधी सुरू, कधी बंद लिहिलं. एका तासात दोनदा आठ-आठ मिनिटं चालला. १६ मिनिटं म्हणजे ९६० सेकंद, गुणिले १२०, एक लाख १५ हजार ज्यूल. दिवसाचे २.८ मेगाज्यूल. कट्ट्यावरचा यांचे १०.४ आले होते!

पण आमच्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला २२५ युनिट आहे, म्हणजे दिवसाला २.२ मेगाज्यूल. आमचे २.८ का आले? चुकलो का?

कट्ट्यावरचा
मी हरलो. पण लेबलसुद्धा हरलं, याचा आनंद आहे.

फेज_न्यूट्रल
चुकलात असं म्हणवत नाही. एका तासावरून दिवस काढलात. रात्री जेवणानंतर उरलेलं अन्न आत ठेवलं असेल तर तो तास जास्त कष्टाचा. पहाटे चारला मोजलंत तर कमी येईल. लेबलचा आकडा प्रयोगशाळेत ठरावीक तापमानाला काढलेला असतो, तुमचं स्वयंपाकघर ती प्रयोगशाळा नाही. दाराचं रबर सैल असेल तरी वाढतं. यातलं नेमकं कोणतं हे इथे बसून सांगता येणार नाही.

गणितवेडी
दोन-तीन वेगवेगळ्या वेळी मोजू दे त्याला. एका निरीक्षणावर 'लेबल खोटं' असं लिहिलं तर मी तरी गुण कापीन.

अवधूत_चिंतन
निशिगंध, वेळ असेल तर अजून एक प्रयोग करा. विजेच्या किटलीत एक लिटर पाणी मोजून घ्या, आधीचं तापमान घ्या, उकळेपर्यंत लुकलुकी मोजा. फ्रिज तेवढा वेळ बंद. म्हणजे मीटरने किती दिले आणि पाण्याला किती लागले, दोन्ही ज्यूलमध्ये समोरासमोर येतील.

निशिगंध
केलं! किटली लावली की दिवा वेड्यासारखा लुकलुकतो, डोळ्याने मोजता येईना. मोबाईलवर व्हिडिओ घेऊन हळू चालवून मोजलं. ३१० लुकलुकी. गुणिले ११२५, म्हणजे ३,४८,७५० ज्यूल. ०.३५ मेगाज्यूल.

पाणी २७ अंशांचं होतं. आम्ही पुण्यात, इथे ९८ च्या आसपास उकळतं, म्हणून ७१ अंशांची वाढ धरली. एक लिटरला अंशामागे ४१८६ ज्यूल, झाले २,९७,००० च्या जवळ. म्हणजे शंभरातले ८५ पाण्यात गेले. बाकीचे १५ किटली तापवण्यात आणि वाफेत, असं लिहिलंय. चालेल?

फेज_न्यूट्रल
चालेल? धावेल. १०० च्या वर आलं असतं तर काळजी होती. तसं कोणाचं आलं तर समजायचं लुकलुकी कमी मोजल्या किंवा पाणी लिटरपेक्षा कमी होतं.

अवधूत_चिंतन
आता बघा, म्हणूनच सांगितला हा प्रयोग. गॅसच्या शेगडीचं मानक किमान ६८ टक्के कार्यक्षमता मागतं. तेच एक लिटर पाणी गॅसवर तापवलं तर २,९७,००० भागिले ०.६८, म्हणजे सुमारे ४,३७,००० ज्यूल. साडेनऊ ग्रॅम गॅस. घरच्या मळकट बर्नरवर अजून जास्त.

काकांच्या उंबऱ्याने किटली जिंकते, ३.४९ लाखाविरुद्ध ४.३७ लाख. माझ्या कोळशाने मोजलं तर किटलीचे ३.४९ लाख म्हणजे खाणीतले जवळपास ९.७ लाख ज्यूल, आणि शेगडी आरामात जिंकते. तेच पाणी, तोच चहा.

फेज_न्यूट्रल
आणि ज्याच्या छतावर सोलर आहे त्याची किटली परत जिंकते. मी उंबरठा सोडत नाही.

मेलबर्नकर
माझ्या छतावर सोलर आहे पण मी चहा रात्री करतो. मला कोणत्या बाजूला घेता?

कोकणमेवा
सोलरवरून आठवलं, नेट मीटर लावलं तर बिल कमी होतं का? आमचं दुप्पट आलंय म्हणून विचारलं.

फेज_न्यूट्रल
कोकणमेवा, तुमचं ऐकतोय मी. आधी बिलावर बघा, रीडिंग खरंच घेतलंय की घर बंद होतं म्हणून सरासरी लावलीय. सरासरीचं बिल असेल तर पुढच्या खऱ्या रीडिंगला फरक वळता होतो. मग हाच लुकलुकीचा प्रयोग करा. मेन स्विच बंद करून पाच मिनिटं दिव्याकडे बघा. तरीही लुकलुकत असेल तर मीटरच्या पुढे कोणीतरी तुमच्यावर जगतंय किंवा मीटर तपासायला हवा. दिवा थांबला तर वीज घरातच जातेय.

निशिगंधताई, हे तुमच्याही प्रकल्पाला लागू, बिल सरासरीचं नाही ना ते बघून घ्या. अंदाजाला ३.६ ने गुणलं तर अंदाजाचेच मेगाज्यूल होतात.

कोकणमेवा
मेन बंद केला. दिवा थांबला. मग एकेक खोली चालू करत गेले. मागच्या पडवीतली पाण्याची मोटर! टाकी भरून वाहतेय आणि मोटर चालूच. फ्लोट अडकलाय. कधीपासून कोण जाणे. माडांना मात्र यंदा पाणी कमी पडलं नाही.

सोलापुरी_चादर
एवढा वेळ धाग्याबाहेरच्या आहेत म्हणत होतो त्यांनीच प्रयोग खऱ्या अर्थाने केला. शब्द मागे.

निशिगंध
बिल खऱ्या रीडिंगचंच आहे, बघितलं. बाईंना कच्चा आराखडा दाखवला. त्यांनी विचारलं, "बेरीज केलीस ती उंबऱ्यावरची की खाणीतली?" मी घरी येऊन आधी खात्री करून घेतली की त्या इथे सभासद नाहीत ना. चिरंजीवांनी दोन तक्ते शेजारी शेजारी करायचं ठरवलंय, एक काकांचा, एक अवधूत यांचा. अवधूतच्या तक्त्यातले ६० त्याला अजून पूर्ण पटलेले नाहीत, कारण महिन्याभरात आमच्याकडे आलेली वीज नेमकी कुठून आली हे त्याला कोणी सांगू शकलं नाही.

अवधूत_चिंतन
ते मलाही सांगता येणार नाही. तारेत सगळ्यांची वीज मिसळलेली असते. १० हा आकडा कोळशाच्या वाट्यापुरता खरा, असं तक्त्याखाली लिहायला सांगा.

निशिगंध
सांगते. दरम्यान घरात वेगळंच चालू झालंय. नऊ वॅट वाचवायला चिरंजीव रात्री सेट टॉप बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करतात आणि सकाळी तो सुरू व्हायला वेळ घेतो तेवढ्यात सासूबाईंची आरती हुकते. काल त्यांनी विचारलं, त्या आरतीचे किती मेगाज्यूल होतात ते आधी सांग.

सोलापुरी_चादर
सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही मिळून समजा १०० वॅट, आरती पाच मिनिटं. ०.०३ मेगाज्यूल. आजींना म्हणावं, बटण चालूच ठेवा.